मशीनचं कपाळ

आमच्या संस्थेत मेकॅट्रॉनिक्सचा एक नवाकोरा सराव संच होता. काचेच्या कपाटात, कंपनीच्या प्लास्टिकसकट, कुलूपबंद. तपासणीची माणसं आली की कुलूप निघायचं आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत परत लागायचं. "हात लावला की बिघडतंय ते," असं आमचे विभागप्रमुख सर म्हणायचे. विद्यार्थी म्हणजे मशीनला होणारा रोग, असं त्यांचं पक्कं मत होतं. मोटार, सेन्सर आणि प्रोग्रॅम यांची मोट बांधायची, हे ज्या अभ्यासक्रमाचं एकमेव काम, तो आम्ही फळ्यावरच्या आकृत्या उतरवून शिकत होतो. कोरड्या विहिरीत पोहायला शिकवावं, तसला प्रकार.

म्हणून आम्ही भंगाराकडे वळलो. हौस म्हणून नाही. हाताला दुसरं काही लागत नव्हतं.

संस्था हिंगोलीच्या बाहेर, माळावर. मी जवळा बाजारहून यायची. जीपनं औंढा, तिथून पुढे एसटी. माझे वडील बाजारात कापूस-सोयाबीनची पोती उचलायचे आणि आई शाळेत खिचडी शिजवायची. शेवटच्या वर्षाला लागले तेव्हा आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघणार अशी बातमी आली, आणि आईनं मला स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपर्यंत तुझं त्या मशीनचं काई जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर हिथं अर्ज टाकायचा. पुन्हा रडायचं न्हाई." आई दुष्ट नव्हती. ती दमली होती, आणि दमलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मला अंगणवाडीत जायचं नव्हतं. मला मशीनवर काम करायचं होतं, आणि ते इतकं हवं होतं की बोलून दाखवायचीही भीती वाटायची.

जमण्यासारखं एकच होतं. वाळूजच्या एका कारखान्याला आमच्या विभागातून एक शिकाऊ तंत्रज्ञ घ्यायचा होता. एकच. त्यांचा साहेब स्वतः येऊन आमचे प्रकल्प बघणार होता. मार्क बघणार नाही, चालू मशीन बघणार, असा निरोप होता. सरांना हे फारसं रुचलं नव्हतं, कारण मार्क त्यांच्या हातात होते आणि चालू मशीन नव्हतं.

प्रकल्प जोडीनं करायचा होता. वर्गातल्या जोड्या माझ्याकडे न बघता पटापट लागल्या. मला त्याचं नवल वाटलं नाही, सवय होती. उरला तो एक मुलगा, तोसुद्धा त्या दिवशी गैरहजर होता म्हणून. हिंगोलीचाच. त्याच्या घरात पिढ्यांपासून देवळाची सेवा, वडील पूजा सांगायचे, थोरला भाऊ एका कचेरीत कारकून. दुसऱ्या दिवशी तो आला, जोडी कळली, तर तोंड वाकडं न करता म्हणाला, "चालतंय की. काय बनवायचं?" मला तो तिथंच आवडला. पुढचे काही महिने आम्ही एका बाकावर बसून काम केलं, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याला आवडायची. हे मुद्दाम सांगते. वाईट माणूस आधीपासून वाईट दिसत असता तर जगात फसवणूक झालीच नसती.

बनवायचा होता प्लॉटर. पेन धरून कागदावर चित्र काढणारं छोटं यंत्र. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात शाईचा बंद पडलेला प्रिंटर धूळ खात होता, वर स्कॅनर असलेला. दुकानदारानं "घेऊन जा, माझी जागा तरी मोकळी हुईल" म्हणत तो आमच्या अंगावर टाकला. आम्ही तो उघडला आणि मला जत्रेत आल्यासारखं वाटलं. आत गुळगुळीत पोलादी दांडा, त्यावर सरकणारी शाईच्या डब्यांची गाडी, ती ओढणारा दातेरी पट्टा, पट्टा फिरवणारी मोटार. वरच्या स्कॅनरमध्ये तसाच दुसरा दांडा आणि दुसरी मोटार. दोन दिशा आयत्या मिळाल्या. गाडीवर पेन बसवायचं, ते आडवं धावणार; स्कॅनरच्या सरकत्या भागावर कागदाची फळी बसवायची, ती पुढे-मागे जाणार. पेन उचलायला खेळण्यातली छोटी मोटार. बस, एवढंच यंत्र.

दोन्ही मोटारींचा स्वभाव मात्र सारखा नव्हता. स्कॅनरमधली पावलांची मोटार. तिला सांगायचं, इतकी पावलं टाक, की ती तेवढी टाकते आणि थांबते. तिच्या चार वायरींतल्या जोड्या कोणत्या ते मीटर लावून शोधलं की निम्मं काम झालं. जोडी चुकली तर ती जागच्या जागी नुसती गुरगुरते. गाडी ओढणारी मोटार साधी. वीज दिली की पळत सुटते, कुठं आली ते तिला कळत नाही. म्हणून प्रिंटरवाल्यांनी गाडीच्या मागून एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ताणून बसवलेली असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर केसाहून बारीक काळ्या रेघा. गाडीवरचा सेन्सर त्या पट्टीला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो, एका बाजूनं उजेड टाकतो, दुसऱ्या बाजूनं रेघा मोजतो. रेघा मोजल्या की गाडी कुठं आहे ते, आपला प्रोग्रॅम ज्यात भरलेला असतो त्या बोर्डाला कळतं. अजून मागे असेल तर जोर लाव, जवळ आली तर जोर कमी कर. सगळी अक्कल त्या पट्टीत.

"पावलांची मोटार मी घेतो," तो म्हणाला. सोपी होती. मी पट्टीवाली बाजू घेतली. कुणी लादली नाही, मलाच तिचं वेड लागलं होतं.

पहिली पट्टी आम्ही दोघांनी मिळून मारली. तिच्यावर वाळलेल्या शाईचा थर होता, तो काढायला वर्कशॉपमधलं थिनर घेतलं, त्यानं फडकं फिरवलं, मी टोक धरलं होतं. शाई गेली. उजेडाला धरून बघितलं तर रेघाही गेल्या होत्या, पट्टी काचेसारखी साफ. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि खूप हसलो. मग आणखी एक मेलेला प्रिंटर शोधला, त्याची पट्टी काढली, आणि ती मी साबणाच्या पाण्याचा थेंब लावलेल्या मऊ फडक्यानं, न दाबता पुसली. "ध्यानात ठेव," मी त्याला म्हणाले, "पाण्यानं ओलं केलेलं मऊ फडकं. दाबायचं न्हाई. थिनर तर बापजन्मात न्हाई." तो म्हणाला, "व्हय गं माय, ठेवलं ध्यानात."

माझ्या बाजूनं मला रडवलं. सेन्सर जिवंत आहे का हेच आधी कळेना. त्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितला तेव्हा जांभळट ठिपका दिसला आणि जीव भांड्यात पडला. मग त्याच्या, बोर्डाला मोजणी पोचवणाऱ्या दोन वायरी उलट्या लागल्या. गाडी उजवीकडे गेली की बोर्डाला ती डावीकडे गेली असं वाटायचं, म्हणून तो आणखी उजवीकडे ढकलायचा, आणि गाडी धाडकन टोकाला आपटायची. वर्गातली पोरं तेवढं बघायला यायची. "आली रे धडक एक्स्प्रेस," एकजण म्हणायचा. सर एकदा दारात उभे राहून म्हणाले, "काहून तरास करून घेऊन राहिली? भंगारातून भंगारच निघतं." सगळे हसले, आणि माझा जोडीदार हसला नाही. हेही खरं आहे, म्हणून सांगते.

वायरी बदलल्या, जोर किती लावायचा ते आकडे बदलून बदलून बघितले, आणि एका दुपारी यंत्रानं वर्तुळ काढलं. वर्तुळ ही परीक्षा असते. सरळ रेघ एकटी मोटारसुद्धा काढते, पण वर्तुळाला दोघींनी एकमेकींचा वेग सांभाळावा लागतो. एक मागे पडली की त्याचं अंडं होतं. आमची रेघ निघाली, फिरली आणि जिथून निघाली होती तिथंच येऊन मिळाली. त्यानं माझ्या हातावर टाळी दिली. मी त्या कागदाची घडीही केली नाही, वहीत सपाट ठेवून घरी नेला. आईनं तो उलटासुलटा करून बघितला. "बांगडीभोवती पेन्सल फिरवली तरी असंच येतंय की," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "भिताडाला लाव."

यंत्र चालायला लागलं तसे सर प्रेमात पडले. आयत्या बिळावर नागोबा. येईल त्याला आमच्या बाकाजवळ आणून "आमच्या विभागानं केलेलं" म्हणायला लागले. त्याचं मला काही नव्हतं. कारखान्याचा साहेब काय म्हणतो, एवढंच मला ऐकायचं होतं.

साहेबाचं गाव आखाडा बाळापूरकडचं. दसऱ्याला गावी जाता जाता तो खंडेनवमीला संस्थेत येणार, असं ठरलं. खंडेनवमीला आपल्याकडे वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा असते. लेथला हार, ड्रिलला हार, वेल्डिंगच्या मशीनपुढं नारळ. आमच्या घरात कुंकवाचा करंडा नाही. आम्ही विहारात जाणारी माणसं. पण शेजाऱ्याची हत्यारं पुजलेली पाहून माझ्या पोटात कधी दुखलं नाही. हार घाला, नारळ फोडा, पेढा मीही खाते.

त्या दिवशी सगळ्या मशीनला तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं लावणं चालू होतं. तेलातलं कुंकू लोखंडावर चांगलं बसतं म्हणून ही तिथली पद्धत. ताट माझ्या जोडीदाराच्या हातात होतं, पूजा त्याच्याकडेच असायची. सर पुढे, साहेब बाजूला बूट काढून उभा, मागे सगळा वर्ग. आमच्या बाकाजवळ आले. त्यानं लाकडी चौकटीला दोन बोटं लावली, नीट, बाजूला. सर म्हणाले, "तिथं काय लावतो? कपाळाला लाव. मशीनचं कपाळ कुठं हाय?" आणि मग गाडीमागं आडवी ताणलेली ती चकचकीत पट्टी त्यांना दिसली. त्यांनी ताटात बोटं बुडवली.

मी म्हणाले, "सर, पट्टीवर नको."

हळूच म्हणाले. पण ताटाभोवती सगळे गप्प होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. सरांचा हात थांबला. "काहून नको?"

"रेघा झाकून जातील, सर. बंद पडेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगते आहे ते त्यांनी ऐकलंच नाही, कोण सांगतंय तेवढं ऐकलं. "तुमच्यात चालत न्हाई, माहीत आहे मला," ते शांतपणे म्हणाले. "पण मशीन संस्थेची आहे." मागून कुणीतरी हसलं. मी जोडीदाराकडे बघितलं. त्यानं एक शब्द बोलायचा होता, "सर, ती बरोबर बोलतीय," इतकंच, आणि त्याच्या तोंडून ते निघालं असतं तर कुणालाही त्यात जात दिसली नसती. तो ताटातल्या फुलांकडे बघत राहिला. सरांनी पट्टीवर मधोमध पाच बोटं उमटवली. लालभडक, तेलकट, ठसठशीत. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी भावुक झाले असं साहेबाला वाटलं असावं.

"हं, चालवा," सर म्हणाले.

"आधी पुसते, सर."

"लावल्या लावल्या कुंकू पुसायचं? आजच्या दिवशी? चालव."

बटण जोडीदारानं दाबलं. पेन खाली आलं, रेघ निघाली, वळायला लागली. गाडी कुंकवापाशी आली. सेन्सरला रेघा दिसेनाशा झाल्या, मोजणी थांबली. गाडी हलतच नाही असं बोर्डाला वाटलं, म्हणून त्यानं आणखी जोर लावला. व्हायचं तेच झालं. वर्तुळाची अर्धी कमान काढून पेन सरळ रेषेत कागदाच्या कडेकडे फरफटत गेलं आणि गाडी टोकाला आपटली. पेनाचं टोक वाकलं. मोटार तशीच ओरडत ढकलत राहिली. मी पुढे होऊन वीज बंद केली.

"बघा," सर साहेबाला म्हणाले, "पूजेला नाट लावला की असं होतं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. 

साहेब मात्र त्यांच्याकडे बघत नव्हता. तो वाकून पट्टी बघत होता. त्याला कळलं होतं. "ही बाजू कुणाची?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, माझी. "मोटार चालू आहे आणि मोजणी थांबली, तर मोटार बंद करायची. हे प्रोग्रॅममध्ये का नाही?" प्रश्न रास्त होता. कुंकू नसतं, नुसता धुळीचा गोळा असता, तरी हेच झालं असतं. मी म्हणाले, "सुचलं नाही, सर." तो थोडा हसला. "बरं. सबब तरी नाही सांगितलीस. माझा चहा होईस्तोवर साफ कर. परत चालवून दाखव."

ते ऐकल्यावर मला काय वाटलं ते सांगता येत नाही. संपलं असं धरून चालले होते आणि दार परत उघडलं होतं. सगळे चहाला ऑफिसकडे गेले. मी जोडीदाराला म्हणाले, "नवं पेन बसव, सेन्सरच्या खाचेत बघ काई लागलंय का. मी साबण आन् पाणी आणते. पट्टीला हात लावू नको." तो म्हणाला, "जा, जा."

नळ संस्थेच्या मागल्या बाजूला होता. मुलींच्या स्वच्छतागृहात साबणाचा तुकडा मिळाला, त्याचं पाणी केलं. फडकं म्हणून माझ्या ओढणीचं टोक फाडलं, ती सुती आणि धुऊन धुऊन मऊ झाली होती. पळत परत आले.

वर्कशॉपच्या दारातच वास आला. थिनरचा.

पट्टीवर कुंकू नव्हतं. तो फडक्याची घडी करत उभा होता. साहेब आणि सर चहाचे कप हातात घेऊनच परत आले होते, त्यांच्यासमोर त्यानं पुसलं होतं, कामसू मुलानं पुसावं तसं. "झालं साफ," तो म्हणाला. मी वाकून बघितलं. मधला वीतभर भाग काचेसारखा स्वच्छ होता. त्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

मी काही बोलण्याआधी त्यानं बटण दाबलं. गाडी निघाली, त्या स्वच्छ जागेत शिरली, मोजणी थांबली आणि पहिल्यासारखीच टोकाला आपटली. या वेळी पेन धरायचा चिमटाच तुटला.

"रेघा गेल्या, सर," मी म्हणाले. "थिनरनं जातात. दुसरी पट्टी आणली की—"

"किती सबबी," सर म्हणाले. साहेबानं घड्याळ बघितलं. त्याला अजून बाळापूरपर्यंत जायचं होतं, घरी सण होता. मग माझा जोडीदार पुढे झाला आणि अदबीनं म्हणाला, "सर, माझी बाजू तरी दाखवू का?" त्यानं पेन चिकटपट्टीनं गाडीला बांधलं, माझी मोटार काढून ठेवली आणि नुसती आपली पावलांची मोटार चालवली. कागद सरकला. एक सरळ रेघ आली. नीट, काळी, सरळ. टोकापर्यंत गेली आणि थांबली.

एक सरळ रेघ. साहेबानं त्याचं नाव लिहून घेतलं.

जाताना तो मला म्हणाला, "तुझं काम अवघड होतं. पण मला चालू मशीन बघायचं होतं." त्याचा मी राग करू शकले नाही. त्यानं मला जितकी संधी दिली तितकी तिथं कुणीच दिली नव्हती.

दुपारी मी एसटी स्टँडवर उभी होते. तो मोटारसायकलवरून आला, गाडी लावली, माझ्याजवळ उभा राहिला. हातात पेढ्यांचं पुडकं होतं, पूजेतलं. मी विचारलं, "तुला ध्यानात होतं ना?"

वाटलं, तो म्हणेल घाईत विसरलो. तसं म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. मी विश्वास ठेवायला तयार होऊन उभी होते.

"व्हय," तो म्हणाला. "ध्यानात होतं."

"मग काहून?"

"जागा एकच होती." तो पेढ्यांच्या पुडक्याचा दोरा बोटाला गुंडाळत होता. "आमाला दुसरं कुठं काय भेटतंय? तुमचं बरं हाय. तुमाला कोट्यातून भेटतंच कुठंतरी." त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं तो बोलत होता. मग त्यानं पुडकं माझ्यापुढं धरलं. मी त्याच्या हातावर फटका मारला, पेढे स्टँडच्या फरशीवर पडले. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, देवाचं हाय ते." आणि लोक माझ्याकडे बघायला लागले. अर्थातच माझ्याकडे. औंढ्याची गाडी लागली तेव्हा तो वाकून पेढे गोळा करत होता आणि ती म्हातारी त्याला मदत करत होती.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. सगळं नाही. तिनं भिंतीवरच्या वर्तुळाकडे बघितलं, ते काढलं नाही, आणि म्हणाली, "अर्ज भर."

कोट्यातून मला हे भेटलं, अंगणवाडीतली मदतनीस. सकाळी झाडायचं, पोरांना घरोघरून आणायचं, खिचडी वाढायची, हात-तोंड पुसून परत पोचवायचं. पोरं वाईट नाहीत. काम वाईट आहे असंही कुणाला म्हणू देणार नाही, माझ्या आईनं तसलंच केलंय. पण ते मला नको होतं, आणि नको होतं ते रोज करताना माणूस आतून आंबत जातं, हे खरं आहे. निकाल लागला, पदविका आली, ती आईनं पेटीत ठेवली. इकडे-तिकडे अर्ज केले. चालू मशीन दाखवा म्हणणारा पुन्हा कुणी भेटला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. पोरांचं जेवण नुकतं आटपलं होतं. नंबर माझ्याकडे नव्हता, आवाज ओळखला.

"कशी हायस?" त्यानं विचारलं, काही झालंच नाही असं. मग लगेच मुद्द्यावर आला. तो आता कारखान्यात कायम झाला होता, दुरुस्ती विभागात. ड्रॉइंग छापायचा मोठा प्लॉटर होता, भिंतीएवढा, त्याची गाडी मधेच धाडकन टोकाला जात होती. मागे साहेब उभा आहे, असंही तो हळूच म्हणाला. "पट्टीवर ग्रीस उडालंय कुणाच्या तरी हातचं," तो म्हणाला. "नवी पट्टी यायला येळ लागन. कशानं पुसू? तुझ्याइतकं यातलं दुसऱ्या कुणाला कळत न्हाई."

इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते असं म्हटलं तर खोटं ठरेल. असा क्षण येईल हे मला सुचलंच नव्हतं. पण तो आला, आणि काय बोलायचं ते मला स्वच्छ दिसलं. एक शब्द. थिनर. त्यानं तो ऐकला नसताच, त्याला माहीत होतं. पण निदान तो शब्द माझ्या तोंडून त्याच्या कानात गेला असता, आणि मागे साहेब उभा असताना त्याला गप्प उभं राहावं लागलं असतं.

"पाण्यानं ओलं केलेलं मऊ फडकं," मी म्हणाले. "साबणाचा एक थेंब. दाबू नको. सेन्सरची खाच पण बघ."

"हां, हेच," तो म्हणाला. "मलाबी हेच वाटून राहिलं होतं. पक्कं करून घ्यावं म्हणलं." आणि ठेवला.

मशीनचा प्रश्न विचारला की माझं तोंड मला न विचारता खरं उत्तर देतं. माझा इतका राग मला आजवर आला नव्हता, त्याचासुद्धा नाही. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. त्याचा मेसेज होता, नुसता अंगठा. एक पोरगं खिचडीनं माखलेलं तोंड वर करून समोर उभं होतं. मी फडकं ओलं केलं, पिळलं आणि त्याचं तोंड पुसलं. "हळू ना, बाई," ते म्हणालं. मी दाबत होते.